नवीन चॅरिटेबल ट्रस्टचं कव्हरिंग लेटर: मसुदा आणि संस्थापकांची माहिती जोडून नेमकं कुणाला द्यायचं? (बेळगाव)

वाचनवेडा_खानापूर
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालय आणि पोरींसाठी अभ्यासिका काढायचं ठरलंय, आणि त्यासाठी सार्वजनिक चॅरिटेबल ट्रस्ट करायचाय. आम्ही पाच जण आहोत. एक रिटायर्ड गुरुजी सुरुवातीचे 11,000 रुपये देणारेत. ट्रस्ट डीडचा मसुदा एका ओळखीच्या वकिलानं करून दिलाय, आता त्याला कव्हरिंग लेटर लावून नोंदणीला द्यायचंय. नेटवर बघून मी असं लिहिलंय:

"प्रति, मा. सहाय्यक धर्मादाय आयुक्त. विषय: नवीन सार्वजनिक न्यास नोंदणी. महोदय, आम्ही खालील पाच संस्थापक मिळून न्यास स्थापन करत आहोत. सोबत सही केलेला न्यासपत्राचा मसुदा व संस्थापकांची माहिती जोडली आहे. तरी नोंदणी करून प्रमाणपत्र द्यावे ही विनंती."

एवढं पुरतं का? आणि बेळगावात हे ऑफिस नक्की कुठं आहे ते कुणी सांगेल का, दोन ठिकाणी विचारलं तर दोघांनी दोन दिशा दाखवल्या.

चंदगडकर
अहो सोपं आहे. आमच्या वाचनालयाचं मागंच केलंय. परिशिष्ट 2 चा फॉर्म भरायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, सगळ्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि शपथपत्र जोडायचं, जागामालकाचं ना हरकत पत्र द्यायचं आणि कोल्हापूरला नेऊन द्यायचं. कलम 18 प्रमाणे ट्रस्ट झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज गेला पाहिजे. पत्र तुमचं ठीक आहे, फक्त जोडपत्रांची यादी खाली लिहा.

आण्णा_निपाणी
दोन दिशा दाखवल्या म्हणजे दोन्ही चुकीच्या असणार बघा. बेळगावात पत्ता विचारला की आधी "कुणाचं कोण तुम्ही" विचारतात, मग चहा, मग पत्ता 😄

जुना_बॉण्डरायटर
थांबा जरा. चंदगडकरांनी सांगितलं ते महाराष्ट्रात बरोबर आहे, खरं खानापूर कर्नाटकात आहे हो. परिशिष्ट 2, कलम 18, धर्मादाय आयुक्त हे सगळं महाराष्ट्राच्या ट्रस्ट कायद्यातलं. आपल्या भागात तोच 1950 चा मुंबईचा कायदा राज्यं बदलल्यावरही चालू राहिला होता, म्हणून जुन्या वाचनालयांच्या लेटरहेडवर अजून त्या कायद्याचा नोंदणी नंबर दिसतो. पुढं कर्नाटकाचा 1997 चा धार्मिक संस्थांचा कायदा आला आणि त्यानं तो मुंबईचा कायदा इथं रद्द केला. त्यामुळं आज आपल्याकडं नवीन ट्रस्टला धर्मादाय आयुक्त नाही, आणि म्हणून तुम्हाला ऑफिस सापडत नाही. जे नाहीच ते कोण दाखवणार.

आपल्याकडं ट्रस्ट डीड हा एक दस्त म्हणून सब-रजिस्ट्रारकडं रजिस्टर होतो, 1908 च्या रजिस्ट्रेशन कायद्याखाली. वेगळं "ट्रस्ट नोंदणी प्रमाणपत्र" मिळत नाही, शिक्के आणि नंबर पडलेला दस्त हेच तुमचं प्रमाणपत्र. तेव्हा पत्रातली "प्रमाणपत्र द्यावे" ही ओळ आधी काढा.

दुसरं, "सही केलेला मसुदा" असं काही नसतं. सही झाली की तो दस्त झाला, आणि सही केलेल्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत तो रजिस्टरला गेला पाहिजे. आता नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर आधी मसुदा चढवायचा, ऑफिसात तो तपासतात, दुरुस्ती असली तर परत पाठवतात, पसंत पडला की स्टॅम्प ड्युटी आणि फी भरायची, मग तारीख घेऊन सगळ्यांनी जायचं. सही शेवटी. मसुद्यात तारखेची जागा कोरी ठेवा, पण दस्त छापताना एकही जागा कोरी राहू देऊ नका, आणि पेनानं खाडाखोड नको, केलीत तर तिथं सह्या कराव्या लागतात.

चंदगडकर
बरं, हे नवीन ऐकतोय. पण आमच्या इथून दहा मैलांवर तर तुम्ही. आणि पॅन कार्डच्या फॉर्ममध्ये तर ट्रस्टसाठी चॅरिटी कमिशनरचा नंबर मागतात ना? मग कर्नाटकवाल्यांना पॅन मिळत नाही का?

शुभांगी_टिळकवाडी
मी सी.ए. ऑफिसात काम करते, हा प्रश्न आमच्याकडं रोज येतो. फॉर्मच्या पुराव्यांच्या यादीत ट्रस्ट डीडची प्रत "किंवा" चॅरिटी कमिशनरचा नंबर असं आहे. लोक पुढचा अर्धा वाचून घाबरतात. रजिस्टर झालेल्या डीडची प्रत दिली की पॅन येतं. नाव मात्र डीडवर जसं आहे तसंच टाका, डीडला "ट्रस्ट" आणि पॅनला "फाउंडेशन" असं करू नका.

शंकासुर
सब-रजिस्ट्रारला कव्हरिंग लेटर कशाला लागतंय? कायद्यात कुठं लिहिलंय? पोर्टलवर चढवा की झालं. उगाच कागद वाढवायचे.

गणपत_उचगाव
आमच्या गावच्या देवळाचं पण असंच अडलंय. आम्ही पण ट्रस्ट करायचा म्हणतोय, तर एक जण म्हणतो सरकारच्या देवस्थानांच्या मुजराई खात्यात जातंय देऊळ मग. आमच्या देवळाला जमीन आहे, पूर्वी इनाम होती. पंच मंडळींत दोन गट. पत्र कुणाच्या नावानं लिहायचं तेच ठरत नाही. कुणाला माहीत आहे का?

जुना_बॉण्डरायटर
गणपतराव, देऊळ हा वेगळा विषय, आणि त्यात जमीन आणि दोन गट म्हणजे तर फारच वेगळा. कागदपत्रं घेऊन देवस्थानाचं काम करणाऱ्या वकिलाकडं जावा, इथं विचारून गोंधळ वाढेल. वाचनालयाचा मसुदा बघून देवळाचा दस्त करू नका एवढंच सांगतो.

शंकासुर, बरोबर आहे, कायद्यात पत्र मागितलेलं नाही. खरं ज्यानं फाईल बघायची त्याच्यासमोर वीस पानं असतात आणि वेळ नसतो. दस्तात काय आहे, पैसे कोण देतोय, जमीन आहे की नाही, एवढं एका पानावर आलं तर तपासणारा नेमका प्रश्न विचारतो, नाहीतर नुसतं "दुरुस्त करा" म्हणून परत येतं. आणि समजा पुढं नकार आलाच तर तुम्ही काय काय दिलं होतं त्याची पोच तुमच्याकडं राहते. नकाराचं कारण त्यांना लिहून द्यावं लागतं आणि त्यावर 30 दिवसांत जिल्हा रजिस्ट्रारकडं अपील करता येतं, तेव्हा ही पोच कामाला येते.

शंकासुर
पोच म्हणून असेल तर ठीक. तरी पण माझं मत, पत्र जेवढं मोठं तेवढ्या चुका जास्त.

वाचनवेडा_खानापूर
बॉण्डरायटर काका, धन्यवाद. म्हणजे पत्र सब-रजिस्ट्रारच्या नावानं. मग संस्थापक पाच जण असं लिहू का? आणि आमच्यापैकी एक जण चंदगडला असतो, एक पुण्यात. दोघांना यावं लागेल का?

आण्णा_निपाणी
तेलगीचं खानापूर आणि स्टॅम्पपेपर एकाच धाग्यात आले, मी पुढं काही बोलत नाही 🤐

म्हादई_काठ
आण्णा, म्हणून तर कर्नाटकात ई-स्टॅम्प आलं. आमच्या तालुक्याचं राज्याला योगदान आहे ते विसरू नका 😂

जुना_बॉण्डरायटर
पाच संस्थापक हा मुख्य घोटाळा आहे, नीट सांगतो. दस्तात पैसे देऊन ट्रस्ट उभा करणारा बहुतेक वेळा एकच असतो, तुमच्या बाबतीत गुरुजी. ते 11,000 बाजूला काढतात आणि विश्वस्तांच्या हवाली करतात. विश्वस्त म्हणजे ते पैसे आणि काम सांभाळणारे, तुम्ही पाच. गुरुजी स्वतः विश्वस्त पण होऊ शकतात. आता तुमच्या पत्रात "आम्ही पाच जण स्थापन करतो" आहे आणि मी पैज लावतो की वकिलानं दस्तात "मी अमुक, ट्रस्ट स्थापन करतो" असं एकट्या गुरुजींचं लिहिलंय. पोर्टलवर दस्त करून देणारा आणि घेणारा असे दोन रकाने आहेत. पत्रात पाच आणि दस्तात एक झालं की तिथंच अडतं, मग दस्त परत.

पुण्याचे आणि चंदगडचे: दस्तावर ज्याची सही आहे त्यानं ऑफिसात हजर राहून "होय, मीच सही केली" म्हणायचं असतं. सगळ्या विश्वस्तांच्या सह्या दस्तावर घेतल्या तर सगळे आले. काही ठिकाणी फक्त गुरुजींची सही आणि बाकीच्यांची संमतीपत्रं चालवून घेतात, काही ठिकाणी सगळे पाहिजेत म्हणतात. पत्रातच विचारून टाका, आधीच कळेल.

पुणेकर_मूळचा_येळ्ळूरचा
मुखत्यारपत्र देऊन चालत नाही का? आम्ही घर विकताना तसंच केलं होतं.

जुना_बॉण्डरायटर
त्याचे नियम आहेत, मुखत्यारपत्र त्यांच्या राहत्या ठिकाणच्या सब-रजिस्ट्रारसमोर करून घ्यावं लागतं, म्हणजे पुण्यात एक चक्कर आणि इथं एक कागद जास्त. त्यापेक्षा पुण्याच्या माणसाला गणपतीत गावी येतोच त्या आठवड्यातली तारीख घ्या. नाहीतर आधी चारच विश्वस्त ठेवा आणि दस्तात "विश्वस्त वाढवता येतील" असं कलम घाला, पाचवा मग ठराव करून घ्या.

शुभांगी_टिळकवाडी
काकांच्या मुद्द्यात भर. संस्थापकांच्या माहितीच्या कागदावर सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. आपल्याकडं आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं, पॅनवर वडिलांचं नाव मधे असतं, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. पाटील हे एकाचं Patil आणि भावाचं Pateel असतं. मी सांगते कसं करायचं, प्रत्येकाचं नाव आधारवर इंग्रजीत जसं आहे तसं अक्षर न् अक्षर दस्तात, पत्रात आणि माहितीच्या कागदावर. पॅन वेगळं असेल तर आधी पॅन दुरुस्त करून घ्या. दस्तातलं नाव नंतर बदलायला दुरुस्तीचा दुसरा दस्त करावा लागतो. वय लिहिताना जन्मतारीख पण लिहा, नाहीतर पत्रात 62 आणि दस्तात 63 होतं.

आणि विचारते, दस्तात ट्रस्ट बंद पडला तर मालमत्ता कुठं जाईल ते कलम आहे का? नसेल तर आताच घाला: उरलेली मालमत्ता याच हेतूच्या दुसऱ्या ट्रस्टकडं जाईल, विश्वस्तांत वाटली जाणार नाही. आणि हा ट्रस्ट परत घेता येणार नाही असं स्पष्ट. हे नसलं तर सब-रजिस्ट्रार दस्त रजिस्टर करून देईल, ते त्याचं काम नाही बघायचं, खरं नंतर इन्कम टॅक्सची सूट मागताना अडेल आणि देणगीवरची सवलत, म्हणजे जुनं 80जी, नाही मिळाली तर देणगीदार मागं सरतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, जुने यूट्यूब व्हिडिओ बघून कलमं लिहू नका.

वाचनवेडा_खानापूर
ताई, ते बंद पडण्याचं कलम नाहीये, आत्ताच वकिलांना कळवतो. आणि हेतूमध्ये आम्ही "मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी" लिहिलंय ते चालेल ना?

शंकासुर
नाही चालणार. एका समाजापुरता ट्रस्ट केला की टॅक्सची सूट जाते. हे मला पक्कं माहीत आहे.

शुभांगी_टिळकवाडी
अर्धं बरोबर. सूट जाते ती एखाद्या धर्माच्या समाजापुरता किंवा जातीपुरता ट्रस्ट असेल तर. भाषेचं त्यात नाव नाही. तरी पण मी "मराठी पुस्तकांचं वाचनालय चालवणे आणि परिसरातल्या सर्व विद्यार्थ्यांना वापरू देणे" असं लिहायला सांगेन. पुस्तकं मराठी आणि दार सगळ्यांना उघडं. अभ्यासिकेत कन्नड शाळेची पोरगी आली तर तुम्ही तिला बाहेर काढणार आहात का? नाही ना.

म्हादई_काठ
आमच्या गावात कन्नड शाळेच्या पोरी मराठीत भांडतात, त्यांना कोण बाहेर काढणार.

दोन्ही_येतंय
मग भाषेवर आलोच आहोत तर खरा प्रश्न. दस्त मराठीत करू शकतो का? माझ्या माहितीप्रमाणे कायद्यात असं आहे की जी भाषा नोंदणी अधिकाऱ्याला कळत नाही आणि जिल्ह्यात सर्रास वापरात नाही तीच तो नाकारू शकतो, तेही भाषांतर जोडलं नाही तर. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात नाही असं कोण म्हणेल? शनिवारी बाजारात जाऊन उभं राहा.

जुना_बॉण्डरायटर
तुमचं वाचन बरोबर आहे, रजिस्ट्रेशन कायद्याचं कलम 19. पूर्वी मराठी दस्त पुष्कळ होत होते, माझ्याकडं स्वतःच्या हातचे आहेत. आता कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर लवकर जातो ही वस्तुस्थिती. ज्याला अर्जावर भांडायचंय त्यानं भांडावं, भाषांतर जोडून मराठी दस्त मागावा, नकार लिहून घ्यावा. ज्याला वाचनालय सुरू करायचंय त्यानं इंग्रजीत करावं.

दोन्ही_येतंय
म्हणजे हक्क आहे पण वापरू नका असंच ना काका.

जुना_बॉण्डरायटर
वापरू नका म्हणालो नाही. कुणी वापरायचा आणि कुठल्या कामावर, ते ज्याचं त्यानं ठरवावं. गुरुजींचं वय बघा.

आण्णा_निपाणी
इंग्रजीत केलं तर गुरुजी वाचून चुका काढतील, मग तीन महिने गेले 😄

वाचनवेडा_खानापूर
ते खरं आहे, गुरुजींनी माझ्या पत्रात आधीच लाल पेन चालवलंय. आम्ही दस्त इंग्रजीत करतोय, मराठी भाषांतर गावात वाचायला ठेवणार. अजून एक राहिलं. गुरुजी त्यांच्या घराशेजारची तीन गुंठे जागा पण ट्रस्टला द्यायची म्हणतायत, तीही याच दस्तात घालू का?

जुना_बॉण्डरायटर
नको. नुसते पैसे असतील तर दस्त साधा, सब-रजिस्ट्रारच्या 4 नंबरच्या पुस्तकात जातो. जागा घातली की 1 नंबरच्या पुस्तकात जातो, जागेच्या किमतीचा प्रश्न येतो, उतारा, पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा म्हणजे ई-स्वत्तूचा 9 आणि 11 नंबर, हद्दी, सगळं लागतं. गावठाणातल्या किती जागांचं ई-स्वत्तू झालेलं नाही ते तुम्हाला माहीत आहे. एक कागद नाही म्हणून सगळा ट्रस्ट अडकेल. आधी 11,000 वर ट्रस्ट करा, जागेचे कागद नीट झाले की वेगळा दस्त. पत्ता म्हणून मात्र गुरुजींचं घर द्या, त्यांचं ना हरकत पत्र आणि हेस्कॉमचं लाइट बिल जोडून.

पुणेकर_मूळचा_येळ्ळूरचा
काका, यावर माझं जरा वेगळं मत. दोनदा दस्त म्हणजे दोनदा खर्च. आणि गुरुजी सत्तरीच्या पुढं असतील तर जागा नंतर देऊ म्हणता म्हणता मुलांचं मन बदललं तर? आमच्या भावकीत झालंय. आत्ता देतायत तर आत्ता घ्या.

जुना_बॉण्डरायटर
तुमची भीती खोटी नाही. कागद तयार असतील तर एकत्र करा. वाचनवेडा, ई-स्वत्तू गुरुजींच्या नावावर झालंय का ते पंचायतीत बघून या, त्यावर ठरवा.

आता पत्राचा साचा देतो, हवा तसा बदला. कन्नड किंवा इंग्रजीत करून द्या:

"प्रति, मा. सब-रजिस्ट्रार, (तालुका).
विषय: सार्वजनिक धर्मादाय ट्रस्टच्या दस्ताचा मसुदा तपासणीसाठी सादर.
महोदय, (नाव), वय, राहणार, हे रुपये 11,000 रोख निधी देऊन वाचनालय व अभ्यासिका चालवण्यासाठी सार्वजनिक ट्रस्ट स्थापन करू इच्छितात. या दस्तात कोणतीही स्थावर मालमत्ता नाही. दस्तात ट्रस्ट स्थापन करणारी एक व्यक्ती आणि पाच विश्वस्त आहेत, त्यापैकी स्थापन करणारे स्वतः एक विश्वस्त आहेत. ट्रस्टचे कार्यालय (पत्ता) येथे राहील. मसुद्यावर अद्याप सह्या केलेल्या नाहीत. दोन विश्वस्त जिल्ह्याबाहेर राहतात, त्यांची हजेरी आवश्यक आहे किंवा संमतीपत्र पुरेल याबाबत मार्गदर्शन व्हावे. दुरुस्ती असल्यास लेखी कळवावी.
सोबत: मसुदा, स्थापन करणाऱ्या व विश्वस्तांच्या माहितीचा तक्ता, ओळखपत्रांच्या प्रती, पत्त्याचा पुरावा व जागामालकाचे संमतीपत्र, दोन साक्षीदारांची नावे."

मोबाईल नंबर एकाचाच द्या, पाच दिले तर पाचांना फोन येतात आणि पाचही वेगळं सांगतात. सोबतच्या यादीत पानांची संख्या लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या.

शंकासुर
हे पत्र मला मान्य. लहान आहे.

चंदगडकर
मग आमच्या ट्रस्टनं बेळगावात शाखा काढली तर? की मग आम्ही पण तुमच्याकडं?

शुभांगी_टिळकवाडी
दादा, तुमचं ऑफिस चंदगडला आहे ना, मग तुम्ही महाराष्ट्रातच राहा, हिशेब तिकडंच. नवीन धागा काढा, इथं वाचनालय होऊ द्या.

गणपत_उचगाव
आणि आमच्या देवळाचं?

म्हादई_काठ
गणपतराव, आधी दोन गट एका कट्ट्यावर बसवा, पत्र आम्ही सगळे मिळून लिहून देतो.

वाचनवेडा_खानापूर
पंचायतीत जाऊन आलो. घराचं ई-स्वत्तू गुरुजींच्या नावावर आहे, शेजारच्या तीन गुंठ्यांचं त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावावर. म्हणजे जागा आत्ता नाही, 11,000 वरच करतोय. बंद पडण्याचं कलम घातलं, हेतू ताईंनी सांगितल्यासारखा बदलला. आता एकच अडकलंय, चंदगडच्या विश्वस्ताच्या आधारवर अजून जुना सोलापूरचा पत्ता आहे. दस्तात कुठला लिहायचा, आधारवरचा की राहतो तिथला?

शुभांगी_टिळकवाडी
आधारवरचा बदलून घ्या आधी, ऑनलाइन होतं. तोपर्यंत दस्त पोर्टलवर चढवू नका.

जुना_बॉण्डरायटर
मी असतो तर दोन्ही लिहिले असते, "कायमचा" आणि "सध्याचा". खरं ताई म्हणतात ते जास्त सुरक्षित. तोवर दोन साक्षीदार ठरवा, आणि विश्वस्त स्वतः साक्षीदार म्हणून उभा करू नका.

आण्णा_निपाणी
साक्षीदार पाहिजे तर मी येतो, निपाणी ते खानापूर जायचा यायचा डिझेल खर्च आणि पावशेर कुंदा.